मनगटावरच्या टिचक्या

* कोपरगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आईच्या ‘मनगटावर टिचक्या मारल्या’, ती टिनेलची चाचणी. तळहात वर करून मनगटाच्या घडीवर मधोमध बोटाने हलके ठोकतात. अंगठा, तर्जनी, मधले बोट यांत झिणझिण्या गेल्या, तर तिथली नस दबल्याचा संशय. मुंग्या फक्त करंगळीत असतील, तर नस दुसरी. नंतरची फालेनची : कोपरे टेकवून मनगटे खाली वाकलेली सोडायची, मिनिटभर. आईला त्याआधीच धारा काढताना येत त्याच मुंग्या आल्या. नुसते मनगट दुखले, तर ते धरत नाहीत. काहीच जाणवले नाही तरी नस मोकळी ठरत नाही. टिनेल तर पुष्कळदा हुलकावणी देते. शंका उरली तर नसेतून जाणाऱ्या संदेशाचा वेग यंत्रावर मोजतात. — संपा.