आलेखाचे निवेदन

माहितीपट, बातमीपत्र किंवा व्याख्यानात पडद्यावरील आलेखाचा कल आकड्यांआधी शब्दांत सांगण्याची पद्धत. आकडा आधी आला की प्रेक्षक तो लक्षात ठेवू पाहतो आणि रेषेकडे त्याचे दुर्लक्ष होते.

हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ पासून होत असलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या मोजणीचा ‘कीलिंग वक्र’ हे याचे उत्तम उदाहरण. निवेदक प्रथम अक्ष सांगतो : डावीकडून उजवीकडे वर्षे, खालून वर हवेतील वायूचे प्रमाण. मग आकार : ‘रेषा करवतीच्या दात्यांसारखी वरखाली होते, पण प्रत्येक दाता आधीच्यापेक्षा उंच, आणि चढण उजवीकडे अधिक तीव्र.’ दात्यांचे कारण त्यानंतर येते. उत्तर गोलार्धातील वनस्पती उन्हाळ्यात वायू शोषतात, म्हणून मे महिन्यातील शिखरानंतर रेषा शरदापर्यंत उतरते. आकडे अगदी शेवटी, आणि दोनच पुरेत : सुरुवातीला दशलक्ष भागांत सुमारे ३१५, २०२४ मध्ये सुमारे ४२४.

या आलेखाचा उभा अक्ष बहुधा शून्यापासून सुरू होत नाही. त्यामुळे सुमारे एक तृतीयांश वाढ डोळ्यांना कित्येक पटींची भासते. हे निवेदकाने आकाराबरोबरच सांगावे; नुसते ‘प्रचंड वाढ’ म्हणणे ही पळवाट होय. निवेदनाची चाचणी सोपी आहे : आलेख न दाखवता ते ऐकवावे आणि श्रोत्याला रेषा काढायला सांगावी. दाते सुटले किंवा चढण सरळ आली, तर वर्णन अपुरे आहे.