पत्नीला बक्षीसपत्र आणि प्राप्तिकर

नवऱ्याने बायकोला दिलेल्या भेटीवर बायकोला कर लागत नाही. मात्र त्या भेटीतून होणारे उत्पन्न कराच्या हिशेबात नवऱ्याचेच धरले जाते. पहिला भाग बहुतेकांना ठाऊक असतो, घोटाळा दुसऱ्या भागात होतो.

एरवी वर्षभरात ५०,००० रुपयांहून अधिक रोख रक्कम विनामोबदला मिळाली, तर ती सगळीच करपात्र ठरते. नातेवाइकांकडून आलेल्या भेटीला ही मर्यादा नाही. मात्र नातेवाईक कोण, हे कायदा ठरवतो. काकाने पुतण्याला दिले तर कर नाही. पुतण्याने काकाला दिले तर काका त्या सवलतीत बसत नाही. चुलतभाऊही बसत नाही.

वाशीम जिल्ह्यातल्या जऊळक्यात एखाद्याने भाड्याने दिलेले घर पत्नीच्या नावे केले, असे धरू. त्यासाठी नोंदणीकृत बक्षीसपत्र आणि दोन साक्षीदार लागतात. महाराष्ट्रात राहत्या घराच्या अशा बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. घर आता कागदोपत्री पत्नीचे झाले. महिना ६,००० प्रमाणे वर्षाचे भाडे ७२,००० होते. ३० टक्के प्रमाणित वजावट गेल्यावर ५०,४०० उरतात. भाडे पत्नीच्या खात्यात जमा झाले तरी हे ५०,४०० नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवले जातात. १९६१ च्या कायद्यात ही तरतूद घरापुरती कलम २७ मध्ये आणि इतर मालमत्तेसाठी कलम ६४ मध्ये आहे.

पत्नीने ते भाडे साठवून मुदत ठेव केली, तर तिचे व्याज मात्र पत्नीचेच. म्हणूनच भाड्याचे खाते वेगळे ठेवावे. एकाच खात्यात सगळे मिसळले की कोणता रुपया भेटीचा आणि कोणता उत्पन्नाचा, हे दाखवता येत नाही. उलट, पत्नीने तेच घर विकून दुसरी मालमत्ता घेतली तरी नवऱ्याचा संबंध सुटत नाही, कारण भेटीने फक्त रूप बदललेले असते. विक्रीचा भांडवली नफाही नवऱ्याकडेच जातो. सेवंतीलाल माणेकलाल शेठ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये हेच ठरवले.

भेट देताना आणि उत्पन्न होताना, दोन्ही वेळी नवरा-बायकोचे नाते असावे लागते. फिलिप जॉन प्लास्केट थॉमस यांनी लग्नाआधी वाग्दत्त वधूला दिलेले शेअर्स म्हणूनच १९६३ च्या निकालात या नियमाबाहेर राहिले. पुरेसा मोबदला घेऊन दिलेली किंवा विभक्त राहण्याच्या करारान्वये दिलेली मालमत्ताही बाहेर राहते.

बायकोऐवजी सुनेच्या नावे करून पळवाट शोधणाऱ्या सासऱ्यालाही हाच नियम गाठतो. लग्न झालेल्या मुलीला किंवा भावाला दिले तर असे एकत्रीकरण होत नाही. ते उत्पन्न ज्याचे त्याचे.