अनुमानदर्शक मोडल क्रियापदे (इंग्रजी)

समोर असलेल्या पुराव्यावरून एखादी गोष्ट किती खात्रीने सांगता येते, हे दाखवण्यासाठी इंग्रजीत वापरली जाणारी सहायक क्रियापदे. त्यांत ‘मस्ट’, ‘माइट’ आणि ‘कान्ट’ ही मुख्य असून ‘मे’ व ‘कुड’ ही ‘माइट’च्या जवळची आहेत. ‘मस्ट’ म्हणजे सक्ती, ‘कान्ट’ म्हणजे असमर्थता हे शाळेत आधी शिकवले जाणारे अर्थ येथे लागू नसतात. बोलणारा घटनेबद्दल जितके सांगतो, तितकेच स्वतःच्या खात्रीबद्दलही सांगत असतो. भाषाशास्त्रात या अर्थाला ज्ञानविषयक वृत्ती म्हणतात.

बोलण्याच्या परीक्षेत याची कसोटी बहुधा छायाचित्रांवर लागते. केंब्रिजच्या ‘बी टू फर्स्ट’ परीक्षेच्या दुसऱ्या भागात उमेदवाराला दोन छायाचित्रे देतात आणि त्यांची तुलना करत, सोबतच्या प्रश्नाचे उत्तर देत एक मिनिट बोलायला सांगतात. चित्रात दिसते तेवढेच सांगणारा उमेदवार लवकर गप्प होतो, कारण प्रश्न सहसा न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल असतो: ही माणसे इथे का आली असतील, त्यांना काय वाटत असेल?

समजा, एका चित्रात रेल्वे फलाटावर एक बाई उभी आहे. मिटलेल्या छत्रीतून पाणी ठिबकते आहे, जवळ सामान नाही आणि ती गाडीतून उतरणाऱ्यांचे चेहरे न्याहाळते आहे. ओल्या छत्रीवरून ‘इट मस्ट हॅव बीन रेनिंग’ (पाऊस पडत होता, हे नक्की) असे म्हणता येते. सामान नसल्यामुळे ‘शी कान्ट बी गोइंग फार’ (ती लांब चाललेली असणे शक्य नाही). ती कोणाला तरी न्यायला आली आहे, हे मात्र नुसत्या नजरेवरून ठरत नाही. तेथे ‘शी माइट बी मीटिंग समवन’ हेच योग्य. यांतले दुसरे अनुमान पहिल्यापेक्षा कच्चे आहे, कारण सामान चित्राच्या चौकटीबाहेरही असू शकते. अशी शंका आली की ‘कान्ट’ सोडून ‘माइट नॉट’वर यावे. प्रत्येक वाक्यामागे ‘बिकॉज’ लावून पुरावा सांगितला, तर क्रियापदाची निवड आपोआप तपासली जाते आणि मिनिटही भरून निघते.

चुका होतात त्या नकारात. ‘मस्ट’चा नकार ‘मसन्ट’ असेल, असे गृहीत धरून विद्यार्थी ‘ही मसन्ट बी ॲट होम’ म्हणतो. ब्रिटिश श्रोत्याला त्यातून घरी असण्यावरची बंदी ऐकू येते. अनुमानाचा नकार ‘कान्ट’ने करायचा. अमेरिकी बोलण्यात मात्र ‘ही मस्ट नॉट बी होम’ हे सुटे रूप अनुमानासाठी सर्रास चालते. दुसरा खड्डा ‘कुड’चा. ‘कुड बी’ आणि ‘माइट बी’ जवळपास सारखे, पण ‘माइट नॉट बी’ म्हणजे कदाचित नसेल, आणि ‘कुडन्ट बी’ म्हणजे असणे शक्यच नाही. मराठी भाषकाची आणखी एक सवय म्हणजे प्रत्येक ‘असेल’साठी ‘विल बी’ वापरणे. इंग्रजीतही ‘विल’ने अनुमान होते, पण ते बऱ्याच खात्रीचे असते, ‘कदाचित असेल’ हा अर्थ त्यातून पोचत नाही.

ऐकताना अडचण वेगळीच असते. ही क्रियापदे पुस्तकातल्यासारखी पूर्ण उच्चारली जात नाहीत. ‘मस्ट बी’मधला ‘ट’ गळून ‘मस्बी’ उरते, ‘मस्ट हॅव’चे ‘मस्टव्ह’ आणि घाईत ‘मस्टा’ होते, ‘कान्ट हॅव’चे ‘कान्टव्ह’. भूतकाळ दाखवणारा ‘हॅव’ एवढा आखडतो की ‘ही कान्टव्ह सीन इट’ हे वाक्य विद्यार्थी वर्तमानकाळाचे समजतो. इथे कान पुढच्या क्रियापदाकडे लावावा: ‘सी’ऐवजी ‘सीन’, ‘गो’ऐवजी ‘गॉन’ आले, की बोलणे घडून गेलेल्या गोष्टीचे आहे. अमेरिकी उच्चारात ‘कॅन’ आणि ‘कॅन्ट’ यांतला शेवटचा ‘ट’ बहुतेक वेळा स्पष्ट ऐकू येत नाही. भेद स्वरात असतो: होकारातला ‘कॅन’ पुसट होऊन ‘कन’सारखा लागतो, नकारातला स्वर ठसठशीत राहतो.

सुराचाही भाग असतो. ‘शी माइट कम’ सपाट सुरात आले तर ती साधी शक्यता. ‘माइट’वर जोर देऊन, सूर खाली नेऊन पुन्हा वर उचलला तर बोलणाऱ्याला ती येण्याची फारशी आशा नाही. शब्द तेच असल्यामुळे ध्वनिफितीचा लेखी उतारा वाचून हा फरक कळत नाही. म्हणून सरावात उतारा आधी न देता ध्वनिफीत दोनदा ऐकवावी, आणि बोलणाऱ्याला किती खात्री वाटते एवढेच आधी विचारावे.