‘वाईट स्पर्श’ : एका शब्दाचा प्रवास

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्याही चढल्या. परंतु ते मासिक मोठ्यांसाठी होते. चार वर्षांच्या पोराशी शरीराविषयी कोणत्या शब्दांत बोलावे, हा प्रश्न जगात त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ऐरणीवर आला. आज आपल्या बालवाड्यांतून ऐकू येणारी ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ ही जोडी अमेरिकेतली. आणि प्रवासात तिचा एक तुकडा गळून पडला आहे.

1977 साली मिनिआपोलिस येथे सरकारी वकिलांच्या कचेरीत काम करणाऱ्या कॉर्डेलिया अँडरसन यांनी मुलांसाठी स्पर्शाची एक पट्टी कल्पिली. एका टोकाला चांगला स्पर्श, दुसऱ्या टोकाला वाईट, आणि मधोमध गोंधळात टाकणारा. सारे मर्म त्या मधल्या भागात होते, आणि नेमका तोच पुढे गाळला गेला. शिकवायला दोन पेट्या सोप्या ना!

मुलाचे मन मात्र सरळ हिशेब करते. डॉक्टरांची सुई दुखते, म्हणजे ती वाईट. लाडके काका गुदगुल्या करता करता नको तिथे हात नेतात, पण हसू येते, म्हणजे ते चांगले. शिवाय ‘वाईट’ म्हटले की आपणच वाईट वागलो असे वाटून मूल गप्प बसते. 1989 साली सँडी वुर्टेले व त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळापूर्व वयाच्या मुलांवर हे पडताळून पाहिले. काहींना ‘मनाला काय वाटते ते ओळखा’ असे शिकविले, काहींना साधा नियम सांगितला. योग्य व अयोग्य स्पर्शातला फरक नियमवाल्यांना अधिक कळला.

तो नियम मराठीत असा सांगता येईल : “चड्डीच्या आतली जागा तुझी. स्वच्छ करायला किंवा औषध लावायलाच मोठ्या माणसाने तिथे हात लावायचा. दुसऱ्याच्या जागेला तूही लावायचा नाहीस. कोणी ‘सांगू नकोस’ म्हटले, तर सांगायचेच.” आता त्या जागेला म्हणायचे काय? आपल्याकडे एक तर संस्कृत शब्द, नाही तर शिवी. ‘शूची जागा’ चालेल. पण घरातले खास लाडके नाव बाईंना कळत नाही, आणि मुलाने सांगूनही न सांगितल्यासारखे होते.

सांगायचे कोणाला, हा शेवटचा भाग. “आईबाबांना सांग” हे वाक्य आजीकडे वाढणाऱ्या, एकट्या आईच्या किंवा अनाथाश्रमातल्या मुलाला बाहेर ठेवते. आणि कधी हात लावणारा घरातलाच असतो. म्हणून मुलालाच विचारावे, “तू कोणाकोणाला सांगशील?” दोन-तीन नावे त्यानेच घ्यावीत, त्यांतले एक घराबाहेरचे. पहिल्याने ऐकले नाही तर दुसऱ्याकडे जायचे, हेही त्याला तेव्हाच सांगून ठेवावे.