तळटीप : ‘देशद्रोही’ खोपडे

किकवी-भोर भागावरील या निबंधात लेखकाने उत्रवळीच्या खंडोजी खोपड्यांना ‘देशद्रोही’ म्हटले आहे. १६५९ साली ते अफझलखानाला मिळाले, हे खरेच. पण त्या वेळी मावळ कागदोपत्री आदिलशाहीचा मुलूख होता आणि देशमुखाची निष्ठा वतनाशी बांधलेली असे. रोहिडखोऱ्याच्या देशमुखीवरून खोपडे आणि कारीचे जेधे यांचे वैर आधीपासूनचे. खानाला मिळा, असे फर्मान विजापूरहून कान्होजी जेध्यांनाही आले होते. त्यांनी वतनावर पाणी सोडले आणि ते शिवाजी महाराजांकडे राहिले. दरबाराच्या लेखी त्या क्षणी फितूर ठरले ते जेधे! आजच्या राष्ट्राची कल्पना मागे नेली की ही कोंडी दिसेनाशी होते.

म्हणून खोपड्यांना निर्दोष ठरवण्याचे कारण नाही. त्यांच्याच काळाने त्यांचा निवाडा केला आहे. पुढे ते हाती लागले, तेव्हा कान्होजींनी रदबदली केल्याने जीव वाचला. शिक्षा म्हणून एक हात व एक पाय मात्र तोडण्यात आला. या शिक्षेला ‘क्रूर’ म्हणतानाही हीच सावधगिरी हवी. वाचकांनी मूळ शब्दाऐवजी ‘महाराजांची बाजू सोडलेले’ असे वाचावे.