गाडीच्या हिरव्या बटणाची कुळकथा

फोन वाजतो, चालक स्टिअरिंगवरचं हिरवं बटण दाबतो आणि गाडीच्या स्पीकरमधून समोरच्याचा आवाज येतो. त्या क्षणभरात गाडी आणि फोन यांच्यात खरोखर लेखी संभाषण होतं. पहिली ओळ फोनची, दुसरी गाडीची, तिसरी पुन्हा फोनची:

```
RING
ATA
OK
```

घंटा वाजतेय; उचल; उचलला. यातली `ATA` ही आज्ञा १९८१ सालची आहे, म्हणजे भारतात मोबाईल सुरू होण्याच्या चौदा वर्षं आधीची. ती गाडीसाठी तर सोडाच, मोबाईलसाठीही तयार झालेली नव्हती.

अमेरिकेत डेनिस हेझ आणि डेल हेदरिंग्टन यांनी त्या वर्षी ‘स्मार्टमोडेम’ बाजारात आणला. तोवर बहुतेकांना संगणक टेलिफोन लाइनला जोडायचा तर नंबर स्वतः फिरवावा लागे. या मोडेमला मात्र संगणकच लिहून सांगू शकत होता. ओळीच्या सुरुवातीला `AT`, म्हणजे ‘इकडे लक्ष दे’, आणि पुढे काम: `D` म्हणजे नंबर लाव, `A` म्हणजे आलेला कॉल घे. ही भाषा इतकी सोपी होती की इतर मोडेम कंपन्यांनीही ती उचलली. पुढे जीएसएम मोबाईलचे नियम ठरले तेव्हा लॅपटॉपने फोनशी बोलायला हीच भाषा घेतली गेली आणि तिच्यात सिग्नल, बॅटरी, फोनबुक यांच्या आज्ञांची भर पडली.

तार मात्र अजून होतीच. ती काढण्याचं काम १९९४च्या सुमारास स्वीडनमधल्या लुंड शहरात, एरिक्सन कंपनीत सुरू झालं. याप हार्टसेन या डच अभियंत्याने जवळच्या अंतरावर, थोड्या विजेत चालणाऱ्या रेडिओचा पाया घातला. १९९८ साली एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा यांनी मिळून त्याचा सामाईक नियमसंच करायचं ठरवलं. तेच ब्लूटूथ.

सुरुवातीच्या ब्लूटूथ हेडसेटला एकच बटण असे. ते दाबलं की फोनकडे `AT+CKPD=200` एवढाच निरोप जाई, आणि त्याचा अर्थ कॉल घे की ठेव हे फोन वेळ बघून ठरवी. गाडीला एवढ्याने भागत नव्हतं. पडद्यावर नंबर दिसायला हवा, कॉल नाकारता यायला हवा, दुसरा कॉल आला तर कळायला हवं. म्हणून ‘हँड्स-फ्री प्रोफाइल’ हा वेगळा करार झाला. जोडणी होताच गाडी आणि फोन आधी एकमेकांना काय काय येतं ते विचारून घेतात आणि मग कॉलचं काम सुरू होतं. भाषा तीच, १९८१ची.

गाणी या करारात नाहीत. कॉलचा आवाज दोन्ही दिशांना जातो आणि त्यात उशीर चालत नाही, म्हणून तो हलक्या दर्जाचा ठेवलेला असतो. गाणी एकाच दिशेने जातात, त्यांना दर्जा हवा आणि जरा उशीर चालतो. म्हणून संगीतासाठी दुसरा करार आहे, आणि फोनमधली नावं व कॉलची यादी गाडीला देण्यासाठी तिसरा. पडद्यावर ‘जोडलं’ असा एकच शब्द दिसला तरी त्याखाली हे तीन करार स्वतंत्रपणे चालू किंवा बंद असू शकतात.

त्यामुळे बिघाड शोधताना आधी काय चालतंय ते पाहावं. कॉल होतात पण गाणी फोनवरच वाजतात, तर फोनच्या ब्लूटूथ यादीत गाडीच्या नावासमोरच्या खुणेवर जावं. तिथला `Media audio` बहुधा बंद असतो. कॉल येतो पण नावाऐवजी नुसता नंबर दिसतो, तर जोडताना फोनने विचारलेल्या नावांच्या परवानगीला बहुधा घाईत नकार दिला गेलेला असतो. तोही पर्याय तिथेच सापडतो. अशा वेळी सगळी जोडणी तोडून पुन्हा करायची गरज नसते.

जोडणीच होत नसेल तर गोष्ट किल्लीपाशी येते. जुन्या गाड्यांत `0000` किंवा `1234` असा आकडा टाकावा लागे. २००७च्या ब्लूटूथ २.१पासून दोन्ही पडद्यांवर एकच सहा आकडी संख्या दिसू लागली. ती जुळते का हे माणसाने बघून होकार द्यायचा, म्हणजे मध्ये तिसरं कुणी शिरलेलं नाही याची खात्री होते. त्याच वेळी दोघं मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि प्रत्येक जण ती आपापल्या स्मृतीत ठेवतो. पुढच्या प्रत्येक वेळी गाडी सुरू झाली की ही किल्ली प्रत्यक्ष न पाठवता, ती आपल्याकडे आहे हे दोघं एकमेकांना पटवतात. म्हणून रोज आकडा विचारला जात नाही.

आता नेहमी घडणारा प्रसंग घ्या. फोन दुरुस्तीला गेला आणि पूर्ण पुसून परत आला. त्यातली किल्ली गेली. पण फोनचा ब्लूटूथ पत्ता सहसा तोच राहतो, त्यामुळे गाडी त्याला ओळखते आणि जुन्या किल्लीने बोलू पाहते. फोनकडे त्या किल्लीची जोडी नसते. आतून ‘किल्ली सापडत नाही’ असं उत्तर जातं, आणि पडद्यावर मात्र नुसतं ‘जोडणी अयशस्वी’ दिसतं. मालक फोनवरूनच पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आणि नकार तर गाडीत साठलेल्या जुन्या नोंदीमुळे येत असतो. उलटही होतं: गाडीतून नोंद पुसली, पण फोनच्या यादीत गाडी तशीच राहिली. दोन्हींवर उपाय एकच. गाडीच्या यादीतून फोन काढायचा, फोनच्या यादीतून गाडी काढायची (`Forget`), दोन्हींचं ब्लूटूथ बंद करून चालू करायचं आणि गाडी थांबलेली असताना नव्याने जोडायचं. एका बाजूचीच नोंद पुसली तर पुन्हा तिथेच अडतं.

किल्ली निर्दोष असूनही जोडणी अडते त्याची दोन कारणं वारंवार दिसतात. एक, गाडीच्या यादीतल्या जागा ठरलेल्या असतात. त्या भरल्या की जुना फोन काढल्याशिवाय बऱ्याच गाड्या नवा घेत नाहीत. दोन, घरातल्या दुसऱ्या कुणाचा फोन खिशातूनच आधी जोडला गेलेला असतो.

नकाशा गाडीच्या पडद्यावर आणणारे कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो हे या घराण्यात उशिरा आले, साधारण २०१४-१५मध्ये. तारेने जोडताना केबलमध्ये विजेबरोबर माहितीच्या तारा असाव्या लागतात. काही स्वस्त केबलींत त्या नसतातच. अशा केबलने फोन चार्ज होतो, पण नकाशा येत नाही. फोनसोबत आलेली केबल लावून पाहिलं की लगेच कळतं. बिनतारी प्रकारात ब्लूटूथ फक्त ओळख करून देतं आणि पडद्यावरचं चित्र वायफायवरून जातं. फोनचं वायफाय बंद असेल तर कॉल लागतात, नकाशा उघडत नाही.

गाडी विकताना मात्र उलट दिशेने विचार करावा. फोन दूर गेला तरी गाडीकडची किल्ली तिथेच असते, आणि कित्येक गाड्यांत फोनबुकाची प्रतही उरते. गाडीच्या चाव्या नव्या मालकाच्या हाती देण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन आपला फोन यादीतून काढावा आणि सोय असेल तर यंत्रणा कारखान्यातल्या मूळ स्थितीला न्यावी. नाहीतर आपल्या ओळखीच्यांची नावं आणि नंबर गाडीबरोबर विकले जातात.