एचडीआर अंशशोधन (संगणकीय खेळ)

एचडीआर अंशशोधन म्हणजे संगणकावरील खेळातून बाहेर पडणारे उच्च गतिक पल्ल्याचे (हाय डायनॅमिक रेंज, संक्षेपाने एचडीआर) चित्र मॉनिटरच्या प्रत्यक्ष क्षमतेशी जुळवून घेण्याची क्रिया होय. चित्रातील सर्वांत उजळ भागांचा तपशील नष्ट होऊ नये, अंधारे भाग करडे पडू नयेत आणि रंग नैसर्गिक राहावेत, हे तिचे उद्दिष्ट असते. ही क्रिया मॉनिटर, विंडोज ही संगणकप्रणाली आणि स्वतः खेळ अशा तीन पातळ्यांवर व याच क्रमाने केली जाते. आधीची पातळी चुकली असल्यास पुढच्या पातळीवरील मापन विश्वसनीय राहत नाही.

## पार्श्वभूमी

पारंपरिक (एसडीआर) चित्रसंकेत सापेक्ष असतो. त्यातील कमाल मूल्याचा अर्थ 'हा पडदा देऊ शकेल तितका पांढरा' एवढाच असतो. त्यामुळे मॉनिटर मंद असो वा प्रखर, चित्रातील कोणताही भाग पडद्याच्या क्षमतेबाहेर जात नाही.

एचडीआर१० या प्रचलित प्रकारात वापरला जाणारा पीक्यू वक्र याहून वेगळा आहे. एसएमपीटीई या संस्थेने तो २०१४ मध्ये एसटी २०८४ या क्रमांकाने प्रमाणित केला. या वक्रातील प्रत्येक संकेतमूल्याला ठरावीक तेजस्विता नेमून दिलेली असते. तेजस्वितेचे एकक निट (कॅंडेला प्रति चौरस मीटर) असून पीक्यूची कमाल मर्यादा १०,००० निट आहे. दहा-बिट संकेतात ० ते १०२३ अशी मूल्ये असतात आणि पूर्ण पल्ल्याच्या मांडणीत त्यांपैकी सुमारे ७६९ हे मूल्य १००० निट दर्शवते.

घरगुती वापरातील मॉनिटर १०,००० निटपर्यंत पोहोचत नाहीत. अनेकांची कमाल तेजस्विता ४०० ते १००० निटच्या दरम्यान असते. खेळाने मागितलेली तेजस्विता पडद्याला देता आली नाही, तर जादा भागाचे काय करायचे हे कोणीतरी ठरवावे लागते. अंशशोधनाची गरज येथून निर्माण होते.

## छाटणी व रंगदोष

पडद्याच्या क्षमतेपलीकडील सर्व मूल्ये कमाल तेजस्वितेवरच दाखवली जाण्याला छाटणी (क्लिपिंग) म्हणतात. समजा, मॉनिटरची क्षमता ६०० निट आहे, पण खेळात ती १००० निट अशी नोंदवली आहे. ६०० निटसाठीचे संकेतमूल्य सुमारे ७१२ असते. त्यामुळे ७१२ ते ७६९ या दरम्यानच्या साऱ्या छटा पडद्यावर एकसारख्याच दिसतात. ढगाच्या सूर्याकडील कडेवरील उंचसखलपणा किंवा दिव्याच्या काचेतील तार याच छटांत असते आणि तेथे सपाट पांढरा डाग उरतो.

छाटणीचा परिणाम केवळ तेजस्वितेपुरता मर्यादित राहत नाही. लाल, हिरवा व निळा या तिन्ही घटकांची छाटणी स्वतंत्रपणे होते आणि त्यांचे परस्पर प्रमाण बिघडते. उदाहरणार्थ, नारिंगी ज्वाळेतील तीन घटकांचे प्रमाण १८०० : ७०० : १५० असे असून प्रत्येक घटकाची मर्यादा ६०० असेल, तर छाटणीनंतर ते ६०० : ६०० : १५० होते. लाल व हिरवा समान झाल्यामुळे नारिंगी ज्वाळा पिवळी दिसू लागते. हीच मूल्ये एकाच प्रमाणात कमी केली, तर ती सुमारे ६०० : २३३ : ५० होतात आणि रंग नारिंगीच राहतो. म्हणून ज्वाळा किंवा सूर्यास्त अनैसर्गिक पिवळा दिसत असेल, तर रंगाची पातळी बदलण्याआधी कमाल तेजस्वितेचे मूल्य तपासणे योग्य ठरते.

मूळ दृश्यातील तेजस्विता पडद्याच्या मर्यादेत क्रमाक्रमाने दाबून बसवण्याला टोन मॅपिंग म्हणतात. हे काम खेळ करू शकतो आणि मॉनिटरही करू शकतो. दोघांनीही ते केल्यास चित्र दोनदा दाबले जाते व मधल्या छटा फिकट किंवा काळवंडलेल्या दिसतात. हा गोंधळ टाळण्यासाठी सोनी व मायक्रोसॉफ्ट यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या एचजीआयजी या गटाने शिफारशी मांडल्या. पडद्याने आपल्या मर्यादेपर्यंत संकेत जसाच्या तसा दाखवावा आणि दाबण्याचे काम खेळाने करावे, हे त्यांचे मुख्य तत्त्व आहे.

## पद्धत

### मॉनिटर

प्रथम मॉनिटरच्या स्वतःच्या यादीतून एचडीआर प्रकार निवडला जातो. गडद रंगांचा 'व्हिव्हिड' प्रकार, आपोआप बदलणारा कॉन्ट्रास्ट आणि गतिमान टोन मॅपिंग बंद ठेवले जाते. काही दूरचित्रवाणी संचांत व मॉनिटरांत `HGiG` असा पर्याय थेट दिलेला असतो. तो असल्यास त्याला प्राधान्य दिले जाते.

### विंडोज

विंडोज ११ मध्ये `Settings > System > Display` येथून `Use HDR` चालू करता येते. `Win + Alt + B` ही कळजोडणीही तेच काम करते. त्यानंतर मायक्रोसॉफ्टचे `Windows HDR Calibration` हे मोफत उपयोजन चालवले जाते. ते विंडोज ११ साठी असून एचडीआर चालू नसल्यास त्याचा उपयोग होत नाही. अंशशोधनापूर्वी रात्रीचा पिवळसर प्रकाश देणारी `Night light` ही सोय बंद करणे आवश्यक असते.

या उपयोजनात तीन चाचणीचित्रे क्रमाने येतात. पहिल्याने किमान तेजस्विता, दुसऱ्याने लहान उजळ भागाची कमाल तेजस्विता आणि तिसऱ्याने संपूर्ण पडदा उजळला असतानाची कमाल तेजस्विता ठरते. प्रत्येक वेळी पट्टी सरकवत नेऊन चित्रातील नक्षी पार्श्वभूमीत विरून जाते त्या ठिकाणी थांबायचे असते. नक्षी दिसेनाशी होणे म्हणजे दोन भिन्न मूल्ये पडद्यावर एकच दिसू लागणे होय, आणि तीच पडद्याची मर्यादा असते. शेवटी रंगांची तीव्रता ठरवणारी पट्टी येते. रंग नैसर्गिक ठेवायचे असल्यास ती मूळ जागी ठेवणे श्रेयस्कर असते. सर्व मूल्ये एका रंगप्रोफाइलमध्ये जतन होतात. मॉनिटर बदलला किंवा त्याचा चित्रप्रकार बदलला, तर अंशशोधन पुन्हा करावे लागते.

### खेळ

काही खेळ विंडोजमधील नोंद वाचून आपली मूल्ये आपोआप ठरवतात. इतर खेळांत ती हाताने द्यावी लागतात. त्यांत दोन पट्ट्या सर्वांत महत्त्वाच्या असतात. कमाल तेजस्वितेची पट्टी चित्रातील सर्वोच्च मर्यादा ठरवते. पेपर व्हाइट ही पट्टी साध्या प्रकाशातील पांढरा कागद किती उजळ दिसावा हे, म्हणजेच चित्राची सर्वसाधारण पातळी, ठरवते. दूरचित्रवाणी निर्मितीसाठीच्या आयटीयूच्या बीटी.२४०८ या अहवालात पांढऱ्याची संदर्भपातळी २०३ निट दिली असून खेळांसाठीही २०० निटच्या आसपासचे मूल्य सोयीचा आरंभबिंदू ठरते. अंधाऱ्या खोलीत ते कमी आणि खिडकीतून ऊन येणाऱ्या खोलीत जास्त ठेवले जाते.

## उदाहरण

सायबरपंक २०७७ या खेळात `Maximum Brightness`, `Paper White` आणि `Tone-mapping Midpoint` अशा पट्ट्या आहेत. विंडोजच्या चाचणीत लहान भागाची कमाल तेजस्विता ६०० निट व पूर्ण पडद्याची ३५० निट आढळली, असे गृहीत धरू. येथे पहिली पट्टी ६०० वर ठेवायची असते. उजळ ठिपके सहसा पडद्याचा लहान भाग व्यापत असल्याने ३५० हा आकडा येथे लागू होत नाही.

पेपर व्हाइट २०० ठेवल्यास साध्या पांढऱ्यापेक्षा निऑन दिवे तिप्पट उजळ दिसू शकतात. चित्र मंद वाटते म्हणून तेच मूल्य ४०० केले, तर हे गुणोत्तर दीडपटीवर येते. सारे चित्र उजळते, पण दिवा आणि भिंत यांतील फरक पुसट होतो आणि एचडीआरचा हेतूच उरत नाही. मध्यबिंदूची पट्टी सर्वांत शेवटी हलवायची असते आणि मधल्या छटा फार गडद किंवा फिकट वाटल्यासच तिला हात लावायचा असतो.

पडताळणीसाठी दिवसा आकाशाकडे पाहून ढगांच्या उजळ कडांत छटा दिसतात का, रात्री दिव्याभोवतीचे तेज मध्यापासून क्रमाने मंदावते का आणि ओळखीच्या व्यक्तिरेखांच्या त्वचेचा रंग सावली व उजेड दोन्हींत पटण्याजोगा राहतो का, हे पाहिले जाते.

## नेहमीचे दोष

चाचणीचित्रातील नक्षी मॉनिटरच्या जाहीर क्षमतेच्या कितीतरी पुढेही दिसत राहिली, तर मॉनिटर स्वतःच टोन मॅपिंग करत आहे असे समजावे. अशा वेळी `HGiG` पर्याय शोधावा. तो नसल्यास पट्टी निर्मात्याने दिलेल्या कमाल तेजस्वितेच्या आसपास ठेवणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

काळा रंग सर्वत्र करडा दिसत असेल, तर ग्राफिक्स कार्डाच्या मांडणीत पूर्ण व मर्यादित पल्ल्याची गफलत झालेली असण्याची शक्यता असते. दोन्ही बाजूंनी एकच पल्ला निवडला की हा दोष जातो.

एचडीआर चालू असताना जुने एसडीआर खेळ व खिडक्या सावल्यांत फिकट दिसतात. विंडोज एसडीआर चित्रासाठी एसआरजीबीचा खंडित वक्र वापरते, तर बहुतेक मॉनिटर २.२ गॅमाला अनुसरतात. या फरकातून हा फिकेपणा येतो, त्यामुळे त्याचा दोष एचडीआर अंशशोधनाला देता येत नाही.

## मर्यादा

अंशशोधनाने पडद्याची क्षमता वाढत नाही. व्हेसा संस्थेच्या डिस्प्लेएचडीआर ४०० या पातळीला पडद्याचे भाग स्वतंत्रपणे मंद करण्याची सोय बंधनकारक नाही. अशा एलसीडी मॉनिटरवर दिवा उजळताना शेजारचा अंधारही उजळू शकतो. ओएलईडी पडदे काळा रंग अचूक दाखवतात, परंतु मोठा भाग उजळल्यावर वीजवापर मर्यादित ठेवण्यासाठी एकूण तेजस्विता कमी करतात. त्यामुळे बर्फाचे मैदान दिव्याइतके प्रखर दिसत नाही.

ज्या खेळात एचडीआर चित्र मूळ एसडीआर चित्र ताणून तयार केलेले असते, त्यात छाटला गेलेला तपशील कोणत्याही पट्टीने परत मिळत नाही. निकालाची नोंद मोबाइलच्या छायाचित्राने करणेही फसवे ठरते, कारण कॅमेरा स्वतःच प्रकाशाचे प्रमाण बदलतो. एचडीआर चालू असताना विंडोजची गेम बार `.jxr` या प्रकारात चित्र जतन करते. ते एचडीआर पडद्यावर, त्या प्रकाराला आधार देणाऱ्या उपयोजनात उघडून पाहिल्यास तुलना अधिक विश्वसनीय होते.